ॲपमध्ये चौदा हजार, पाऊचमध्ये बारा हजार: रायडरने रात्रीचा हिशेब कसा जुळवावा

रात्री साडेनऊला नागपुरात अजनीकडच्या हबवर पार्सल पोचवणारे रायडर परततात. बॅग खाली ठेवतात, कंबरेचा पाऊच उघडतात आणि नोटा मोजायला बसतात. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे दिवसभर हातात आलेले असतात आणि ॲप एकच आकडा दाखवतं: आज एवढी रोकड जमा करा. तो आकडा आणि हातातल्या नोटा जुळल्या नाहीत, तर पुढचा अर्धा तास कसा घालवायचा, हे या लेखात सांगायचं आहे. मी हबवर रोकड मोजून घेण्याचं काम करतो, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने काय दिसतं तेही सांगेन.

समजावण्यासाठी एक गोष्ट घेऊ. गोष्टीतल्या रायडरचं नाव प्रवीण. नाव आणि आकडे मी रचले आहेत, पण त्याच्या हिशेबातले तिन्ही घोळ हबवर नेहमी दिसणारे आहेत. त्याचा पट्टा धंतोली, रामदासपेठ आणि सीताबर्डीचा. त्या दिवशी ॲपवर रोकडीच्या १७ ऑर्डर होत्या आणि जमा करायची रक्कम दिसत होती १४,३८६ रुपये. त्याने पाऊच रिकामा केला, घाईघाईने मोजलं आणि तोंड पाडून टेबलाशी आला.

"भाऊ, चौदाशे बाहत्तर कमी पडून राहिले."

"कशावरून चौदाशे बाहत्तर?"

"बारा हजार नऊशे चौदा हायेत ना हातात."

वजाबाकी बरोबर होती, पण तूट चौदाशे बाहत्तर नव्हती. पहिली गफलत इथेच होते, म्हणून सुरुवातही इथूनच करू.

आधी ॲपचा आकडा पक्का करा

नोटांना हात लावण्याआधी ॲप बंद करून पुन्हा उघडा आणि नेट नीट चालू असलेल्या जागी उभं राहून यादी ताजी होऊ द्या. दिवसभरात कुठे लिफ्टमध्ये, कुठे बेसमेंटमध्ये नेट गेलेलं असतं आणि एखादी डिलिव्हरी फोनमध्येच अडकून पडलेली असते. ती उशिरा चढली की एकूण रक्कम बदलते. आधीच्या आकड्यावर अर्धा तास डोकं फोडलं असेल, तर ती सगळी मेहनत वाया.

दुसरं म्हणजे या आकड्यात कालची काही बाकी मिसळली आहे का, ते बघा. बऱ्याच ॲपमध्ये न भरलेली जुनी रक्कम आजच्या रकमेतच मिळवून दाखवतात. ऑर्डरची यादी उघडून फक्त आजच्या रोकडीच्या ऑर्डरची बेरीज फोनच्या कॅल्क्युलेटरवर करा. बेरीज वरच्या आकड्याइतकी आली तर आकडा आजचाच आहे. प्रवीणच्या १७ ऑर्डरची बेरीज बरोबर १४,३८६ आली. मग या पानाचे स्क्रीनशॉट घ्या, वेळ दिसेल असे. पैसे भरल्यावर ही यादी तशीच दिसेल याची खात्री नसते, आणि नंतर वाद झाला तर तेव्हा काय दिसत होतं हे सांगायला तुमच्याकडे एवढंच असतं.

नोटा किमतीप्रमाणे लावा

एका हातातून दुसऱ्या हातात सरकवत केलेली मोजणी मी धरतच नाही. पाचशेच्या वेगळ्या, दोनशेच्या वेगळ्या, शंभराच्या वेगळ्या अशा गड्ड्या करा आणि प्रत्येक गड्डी दोनदा मोजून कागदावर मांडा. प्रवीणचा कागद असा झाला: पाचशेच्या १९ म्हणजे ९,५००, दोनशेच्या ९ म्हणजे १,८००, शंभराच्या १२ म्हणजे १,२००, पन्नासच्या ५ म्हणजे २५०, वीसच्या ५ म्हणजे १००, दहाच्या ५ म्हणजे ५०, आणि नाणी १४ रुपयांची. एकूण १२,९१४.

कोऱ्या पाचशेच्या नोटा एकमेकींना चिकटतात. म्हणून पाचशेची गड्डी मोजताना प्रत्येक नोट बोटाने चोळून सोडायची. पाऊचचा आतला कप्पा, शर्टाचा खिसा, मोबाइलच्या कव्हरची मागची बाजू आणि गाडीची डिकी हेही याच वेळी तपासून घ्या. पावसाळ्यात नोटा भिजू नयेत म्हणून पोरं रेनकोटच्या आतल्या खिशात ठेवतात आणि रेनकोट वाळत घातला की विसरतात.

तुमचे पैसे आणि कंपनीचे पैसे वेगळे करा

आता खरी तूट काढायची. प्रवीण सकाळी घरून ६०० रुपयांची चिल्लर घेऊन निघाला होता, कारण लोक पाचशेची नोट पुढे करतात आणि सुटे कोणाकडेच नसतात. दुपारी त्याच पाऊचमधून त्याने २०० चं पेट्रोल टाकलं. म्हणजे पाऊचमध्ये त्याचे स्वतःचे ४०० अजून होते. रात्री पाऊचमध्ये किती असायला हवे होते? कंपनीचे १४,३८६ आणि त्याचे ४००, मिळून १४,७८६. होते १२,९१४. खरी तूट १,८७२.

"म्हणजे अजून वाढले काय भाऊ?" प्रवीणचा आवाजच बसला.

वाढले नाहीत. त्याचे ४०० रुपये तुटीचा तेवढा भाग झाकून बसले होते. असं झाकलेलं असलं की आकडा कुठल्याच कारणाशी जुळत नाही, कारण १,४७२ हा दोन वेगळ्या हिशेबांची सरमिसळ आहे. म्हणून सूत्र एकच लक्षात ठेवा: ॲपची रोकड, अधिक सकाळची चिल्लर, वजा त्याच पाऊचमधून केलेला स्वतःचा खर्च. चहा, पेट्रोल, पंक्चर, मित्राला दिलेले उसने, सगळं या खर्चात आलं. उलट दिवसात एटीएममधून काढून पाऊचमध्ये टाकलेले पैसे असतील, तर ते मिळवायचे.

एकेक ऑर्डर आठवा, पण ठरावीक पद्धतीने

"कुठे गेले असतील" असं मोघम आठवू लागलं की माणूस दिवसातल्या सगळ्यात त्रासदायक गिऱ्हाइकावर संशय घेतो. ते करू नका. ॲपची यादी वेळेच्या क्रमाने लावा आणि प्रत्येक ऑर्डरपुढे तीनपैकी एकच शब्द लिहा: नोटा, क्यूआर किंवा आठवत नाही. वेळेच्या क्रमाने गेलं की रस्ता डोळ्यांपुढे येतो आणि रस्त्याबरोबर दारही आठवतं. प्रवीणच्या १७ पैकी १४ ऑर्डरपुढे त्याने बिनदिक्कत नोटा लिहिलं. तीन उरल्या.

पहिली रामदासपेठेतल्या एका अपार्टमेंटची, १,२४९ रुपयांची. ताई पार्सल घ्यायला खाली पार्किंगमध्येच आल्या होत्या. तिथे प्रवीणच्या फोनला नेट मिळेना, त्यामुळे ॲपमधला त्या ऑर्डरचा क्यूआर उघडलाच नाही. त्याने हबकडून मिळालेलं छापील क्यूआर कार्ड पुढे केलं. ताईंनी रक्कम स्वतः टाकून पैसे पाठवले, फोन दाखवला. नेट आल्यावर ॲप पैसे मिळाल्याचं दाखवेना, पुढचं गिऱ्हाईक फोनवर फोन करत होतं, तेव्हा प्रवीणने ऑर्डर बंद करायला रोकडीचं बटण दाबलं.

हा घोळ आमच्याकडे फार येतो आणि त्याचं कारण साधं आहे. ऑर्डर उघडल्यावर स्क्रीनवर जो क्यूआर येतो, त्यात त्या ऑर्डरची ओळख आणि रक्कम बांधलेली असते. पैसे आले की ॲपला कळतं की कोणत्या ऑर्डरचे. छापील कार्डावरचा क्यूआर फक्त खातं ओळखतो. पैसे कंपनीला पोचतात, पण ते कशाचे हे कोणाला ठाऊक नसतं. त्यावर तुम्ही रोकड दाबलं की कंपनीला पैसे मिळालेले असूनही तुमच्या नावावर तेवढीच रोकड चढते.

१,८७२ मधून १,२४९ गेले. उरले ६२३.

दुसरी ऑर्डर धंतोलीतल्या एका दवाखान्याची, ४४३ रुपयांची. काउंटरवरच्या माणसाने "तुझाच नंबर दे, त्यावर टाकतो" म्हटलं आणि प्रवीणने दिला. त्याच्या फोनमधल्या यूपीआयच्या यादीत दुपारी ४४३ जमा झालेले दिसले. त्यामुळे हे पैसे हरवले नव्हते, त्याच्याच बँक खात्यात होते. म्हणून तुटीच्या रात्री स्वतःची यूपीआय यादी आणि बँकेचे मेसेज दोन्ही बघायचे. आपण पैसे घेतलेच नाहीत अशी खात्री असली तरी बघायचे.

इथे थोडं थांबून बोलतो, कारण रायडर ही गोष्ट किरकोळ समजतात. कंपनीचे पैसे तुमच्या वैयक्तिक खात्यात आले आणि रात्री भरायचे राहिले, तर बाहेरून बघणाऱ्याला त्यात आणि अफरातफरीत फरक दिसत नाही. तुमचा हेतू कोणत्याच कागदावर उमटत नाही, नोंद तेवढी उमटते. गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी स्वतःचा नंबर देऊ नका. दिलाच गेला, तर त्याच मिनिटाला हबच्या ग्रुपवर ऑर्डरच्या शेवटच्या चार आकड्यांसह लिहून टाका.

६२३ मधून ४४३ गेले. उरले १८०.

उरलेला आकडा काय सांगतो

तिसऱ्या ऑर्डरकडे वळण्याआधी १८० या आकड्याकडेच बघा. मोठी कारणं बाजूला केल्यावर जी तूट उरते, ती बहुतेक वेळा सुटे देताना झालेली असते आणि आकडाच कोणती नोट गेली ते सुचवतो. वीसऐवजी दोनशेची नोट गेली तर १८० कमी पडतात. दहाऐवजी शंभराची गेली तर ९०. पन्नासऐवजी पाचशेची गेली तर ४५०. शंभराऐवजी पाचशेची गेली तर ४००. तूट एखाद्या ऑर्डरच्या रकमेइतकीच असेल, तर नोटांवर वेळ घालवू नका, त्या ऑर्डरचे पैसे दुसऱ्या वाटेने आले किंवा आलेच नाहीत.

सध्याची दोनशेची नोट गडद पिवळी असते आणि नवी वीसची हिरवट पिवळी. दिवसाच्या उजेडात फरक कळतो. रात्री गल्लीतल्या पिवळ्या दिव्याखाली, एका हातात पार्सल आणि दुसऱ्या हातात फोन असताना, अजिबात कळत नाही. म्हणून १८० ची तूट संध्याकाळी सातनंतरच्या ऑर्डरमध्ये आधी शोधायची.

शोधायचं असं: कोणत्या ऑर्डरवर वीस रुपये परत द्यावे लागले असते? म्हणजे जिची रक्कम पुढच्या पाचशेच्या टप्प्याला वीसने कमी पडते, जशी ४८० किंवा ९८०. प्रवीणच्या यादीत अशी एकच होती: सीताबर्डीत मोदी नंबर तीनच्या गल्लीतली, ४८० ची, रात्री सव्वाआठची. त्याने जिच्यापुढे "आठवत नाही" लिहिलं होतं तीच. पैसे नोटांनीच मिळाले हे त्याला माहीत होतं, परत काय दिलं ते आठवत नव्हतं.

ही पद्धत पुरावा देत नाही. फोन कुठे करायचा तेवढं सांगते. १८० ही दोन वेगळ्या चुकांची बेरीजही असू शकते, प्रत्येकी ९० ची. पण सतरा घरांना फोन करण्याऐवजी एका घराला केला, तर गिऱ्हाइकाचा आणि तुमचाही वेळ वाचतो.

फोन कसा करायचा

रात्री साडेनऊनंतर अनोळखी घरी फोन करायचा, तर पहिल्या वाक्यातच भीती घालवा. "काका, मघाशी पार्सल घेऊन आलो होतो तो. माझ्याकडून सुटे देताना चूक झाली असं वाटून राहिलं, दोनशेची नोट आली का तुमच्याकडे, एकदा पाहता का?" चूक स्वतःकडे घेतली की समोरचा शोधायला उठतो. "तुम्ही जास्त पैसे घेतले" असं म्हटलं की तो फोन ठेवतो. गिऱ्हाइकाचा नंबर ॲपमधूनच लावा, तो जपून ठेवू नका आणि नाही म्हटल्यावर पुन्हा लावू नका.

मोदी नंबर तीनच्या आजोबांनी सांगितलं की सुटे आल्यावर लगेच खालच्या डेअरीत दूध आणलं, बघून काही घेतलं नव्हतं. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. आपण तरी हातात आलेले सुटे कुठे उलटून बघतो? हे १८० परत आले नाहीत.

रामदासपेठेच्या ताईंकडून मात्र काम झालं. त्यांच्याकडे स्क्रीनशॉट मागताना चार गोष्टी दिसायला हव्यात: रक्कम, तारीख आणि वेळ, पैसे ज्याच्या नावे गेले ते नाव, आणि यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक. नाव सगळ्यात आधी वाचा. ते कंपनीचं असलं पाहिजे. दुसऱ्याच कोणाचं निघालं तर छापील कार्डावर कोणी आपला स्टिकर चिकटवला असण्याचीही शक्यता असते आणि ते हबला ताबडतोब सांगायचं. नुसता हिरवा टिकमार्क पुरत नाही, तशी चित्रं बनवता येतात. संदर्भ क्रमांक हबच्या खात्यात शोधता येतो, म्हणून आमच्यासाठी खरा पुरावा तोच.

व्यवहार अडकलेला दिसत असेल तर गोष्ट वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, व्यापाऱ्याला केलेल्या यूपीआय पेमेंटमध्ये ग्राहकाच्या खात्यातून पैसे कापले गेले पण व्यापाऱ्याकडे ते पक्के झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते ग्राहकाला आपोआप परत गेले पाहिजेत. उशीर झाला तर बँकेला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. ग्राहकासाठी हा नियम चांगला आहे. तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा की पार्सल त्याच्या घरात आणि पैसेही त्याच्या खात्यात परत, असं होऊ शकतं. म्हणून दारातून हलण्याआधी आपल्या ॲपवर पैसे मिळाल्याची खूण दिसलीच पाहिजे.

भरणा करताना

आता प्रवीणने काय भरलं ते बघा. १,२४९ कंपनीकडे आधीच पोचले होते, म्हणून रोकड द्यायची होती १३,१३७. दवाखान्याचे ४४३ त्याने आपल्या खात्यातून हबच्या भरणा क्यूआरवर पाठवले. राहिले १२,६९४, ते नोटांनी. त्यात १८० त्याच्या स्वतःच्या चारशेतून गेले आणि २२० रुपये घेऊन तो घरी गेला. रडवेला होऊन आला तेव्हा चौदाशे बाहत्तर भरायचे असं धरून बसला होता. प्रत्यक्षात त्याचं नुकसान १८० झालं.

मुद्दा इथे आहे. रात्री उशीर झालेला असतो, रांग लागलेली असते, आणि बरेच रायडर तुटीची पूर्ण रक्कम मित्राकडून उसनी घेऊन भरून टाकतात. "उद्या पाहू." पण भरणा जुळला की हबच्या वहीत तो दिवस संपतो. ते १,२४९ शोधायचं कारण कोणालाच उरत नाही, कारण कागदावर काही कमीच नाही. दोनदा भरलेले पैसे परत मिळवणं हे न भरलेल्या पैशाचं कारण सांगण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. म्हणून जे खरोखर कमी आहे तेवढंच भरा आणि उरलेल्याची वादातली रक्कम म्हणून नोंद करायला लावा.

नोंद तोंडी नको. भरणा पावतीवर ऑर्डर क्रमांक, १,२४९, "क्यूआरने मिळाले, ॲपवर चुकून रोकड" आणि संदर्भ क्रमांक एवढं लिहून घेणाऱ्याची सही आणि वेळ घ्या, मग पावतीचा फोटो काढा. घेणारा सही द्यायला कां-कूं करत असेल तर तेच वाक्य हबच्या ग्रुपवर किंवा सुपरवायझरला मेसेज करून पाठवा. कोऱ्या कागदावर किंवा "मी रक्कम वापरली" असा मजकूर असलेल्या कागदावर सही करू नका, कितीही उशीर झालेला असो.

आणि उद्याच्या रोकडीतून आजची तूट भरू नका. याची टोपी त्याच्या डोक्यावर घातली की दुसऱ्या दिवशी त्या दिवसाची तूट आणि कालची तूट एकत्र होतात, तिसऱ्या दिवशी आणखी. आठवड्याने कोणत्या दारी काय झालं हे आठवत नाही आणि वरच्यासारखी ऑर्डरनिहाय उकल करणं अशक्य होतं. खिशात पैसे नसतील तर तूट तूट म्हणूनच लिहून घ्या.

पैसे जास्त निघाले तरी हीच पद्धत वापरा. जास्तीची रक्कम म्हणजे बहुधा कोणाला तरी सुटे कमी गेले, किंवा एखादी डिलिव्हरी ॲपवर चढलीच नाही. दुसरं कारण असेल तर उद्या ती ऑर्डर चढेल आणि आज खर्च केलेले पैसे उद्याची तूट होतील.

दुसऱ्या दिवशी

प्रवीणने दोन गोष्टी बदलल्या. चिल्लर वेगळ्या कप्प्यात ठेवायला लागला, नेहमी तेवढीच, आणि पेट्रोल-चहाचे पैसे पाकिटातून देऊ लागला. वीसच्या नोटा त्याने पाऊचमधून काढून शर्टाच्या खिशात घातल्या, म्हणजे दोनशेच्या नोटांशी त्यांची गाठच पडायला नको.

आणि त्याने यादी उघडून बघितली. दुरुस्तीची विनंती हबने वर पाठवली तरी ॲपमधला आकडा त्याच रात्री बदलत नाही, त्यामुळे सकाळी १,२४९ त्याच्या नावावर बाकी दिसत होते. अशा वेळी घाबरून ते भरायचे नाहीत. रोज एकदा ती ओळ बघायची, आणि कमाईचा आठवड्याचा हिशेब लागण्याच्या आदल्या दिवशी ती तशीच असेल तर पावतीचा फोटो आणि संदर्भ क्रमांक पुन्हा पाठवून तक्रारीचा क्रमांक मागून घ्यायचा, कारण कापणी झाली तर ती याच हिशेबात होते. ओळ गेल्यावरही कमाईच्या पानावर कुठे १,२४९ ची वजावट दिसत नाही ना, ते एकदा तपासायचं आणि मगच पावतीचा फोटो पुसायचा.